सोनू, त्या १८० रुपयांच्या ओळीबद्दल

सोनू,

काल फोनवर आवाज चढला माझा. पैसे दोनदा कापले म्हणून तू घाबरलीस आणि गुगलवर सापडलेल्या कस्टमर केअरला फोन लावायला निघालीस, तिथं मी तापलो. तू पाठवलेलं स्टेटमेंट रात्री नीट बघितलं, त्यातली ही एक ओळ घे:

```
UPI/DR/513407218846/SHREE GA/YESB/q48215/Payment
```

DR म्हणजे डेबिट, पैसे गेले, आले असते तर CR असतं. SHREE GA म्हणजे तुझं श्री गणेश स्नॅक्स, जागा कमी म्हणून बँक नाव मधेच तोडते. YESB बघून तू म्हणालीस माझं खातं येस बँकेत नाहीच, पण ती समोरच्याची बँक आहे गं, त्याचा क्यूआर तिथला. q48215 हा त्याच्या यूपीआय आयडीचा तुकडा.

आता तो बारा आकडी नंबर बघ, तोच खरा कामाचा. पहिला ५ म्हणजे २०२५ आणि पुढचे १३४ म्हणजे वर्षाचा १३४ वा दिवस, १४ मे. त्या दिवशी तुझ्याकडं पेमेंट फेल दिसलं, तू परत स्कॅन केलंस. म्हणून १८० च्या दोन ओळी, दोन्हींचे नंबर वेगळे. पण १५ तारखेला UPI/REV लिहिलेली क्रेडिटची ओळ आहे, तिचा नंबर पहिल्या ओळीशी तंतोतंत जुळतोय. म्हणजे फसलेले पैसे परत आलेत, हिशोब पूर्ण. आले नसते तर दुकानदाराच्या पेमेंटला बँकेला पाच दिवस असतात, त्यानंतर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तक्रार करताना हाच नंबर द्यायचा, आणि बँकेच्या अ‍ॅपमधूनच. गुगलवरच्या नंबरला नाही.

आजीचं पासबुक मी वाचून दाखवायचो. त्यात BY CASH, TO CASH असायचं, BY आलं की जमा, TO आलं की खर्च. तिला अक्षरं येत नव्हती पण प्रत्येक ओळीला विचारायची, हे कोणाचं रे? तू परवा स्वतःहून स्टेटमेंट उघडून प्रत्येक ओळीचा अर्थ विचारलास तेव्हा मला तीच आठवली, फार बरं वाटलं.

परत लेक्चर झालं, सॉरी बाळा. पण खरंच एखादी ओळ तू केलेली नसेल, नाव नंबर तारीख काहीच जुळत नसेल, तर तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळव, उशीर केला की नुकसान आपल्या अंगावर येऊ शकतं. फसवणूक वाटली तर लगेच १९३०. आणि गुगलवरचा नंबर नको गं, ओटीपी तर कुणालाच नको. रात्री दोन वाजता मला फोन केलास तरी चालेल.

आईनं चिवडा पाठवलाय, काकांकडून घे. महिनाअखेरीला INT PD लिहिलेली ओळ आली तर घाबरू नकोस, ते व्याज जमा झालेलं असतं.

बाबा