‘उंच’ म्हणजे ‘सरासरीपेक्षा उंच’ नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत विशेषणांवर आलेला लेख वाचला. ‘उंच’, ‘महाग’ हे शब्द सापेक्ष असतात हे लेखकाने छान सांगितले आहे. पण शेवटी त्यांनी हात झटकल्यासारखे एक वाक्य लिहिले आहे: ‘उंच म्हणजे सरासरीपेक्षा उंच, महाग म्हणजे सरासरीपेक्षा महाग, एवढाच याचा अर्थ.’ बरीच वर्षे भाषाविज्ञान शिकवण्यात गेली असल्यामुळे या वाक्यापाशी मी अडखळलो. हे उत्तर पहिल्यांदा ऐकताना पटते. रेनाटे बार्टश आणि थिओ वेनेमान यांनी १९७२ मध्ये याच्याच जवळपास जाणारी मांडणी केली होती. तरी ते टिकत नाही, आणि ते का टिकत नाही हे आपल्या मराठीत इंग्रजीपेक्षाही स्वच्छ दिसते.

एका रांगेत पाच जण उभे आहेत असे धरू. उंची १६१, १६२, १६३, १६४ आणि १६५ सेंटिमीटर. सरासरी १६३. लेखकाच्या व्याख्येने शेवटचे दोघे उंच ठरतात. पण ही रांग पाहून ‘यातले दोघे उंच आहेत’ असे कोणी म्हणेल का? ‘१६५ वाला सगळ्यांत उंच आहे’ असे जरूर म्हणेल. ‘तो सरासरीपेक्षा उंच आहे, पण उंच म्हणावा असा नाही’ हे वाक्यही सहज चालते. ‘उंच’चा अर्थच ‘सरासरीपेक्षा उंच’ असता, तर हे वाक्य ‘तो उंच आहे पण उंच नाही’ इतके विसंगत वाटले असते. आता रांगेत १७८ सेंटिमीटरची सहावी व्यक्ती आणून उभी करा. ‘यातला एक उंच आहे’ हे आता विचारही न करता तोंडून निघते. म्हणजे सरासरीच्या रेषेपलीकडे जाणे पुरेसे नाही, डोळ्यांत भरण्याइतके पुढे जावे लागते. किती पुढे, हे त्या गटातल्या उंच्या कशा पसरल्या आहेत त्यावर आणि आपण उंचीची चौकशी कशासाठी करतो आहोत त्यावर ठरते.

अभ्यासकांची रूढ मांडणी साधी आहे. ‘उंच’ हा शब्द स्वतः कोणाला उंच ठरवत नाही. तो एका मापपट्टीकडे बोट दाखवतो आणि माणसाला त्या पट्टीवरच्या एका खुणेशी जोडतो. ती खूण कशाशी ताडून पाहायची, हे वाक्यातला दुसरा कुठला तरी घटक सांगतो. ‘८५ सेंटिमीटर उंच’ म्हटले की ते काम माप करते, म्हणून दोन वर्षांच्या बाळालाही ‘८५ सेंटिमीटर उंच’ म्हणता येते आणि त्यात बाळ उंच असल्याचा दावा मुळीच नसतो. ‘भावापेक्षा उंच’ म्हटले की ते काम भावाची उंची करते. आणि यातले काहीच नसले, नुसते ‘ती उंच आहे’ एवढेच असले, तर संदर्भाने पुरवलेला उंबरठा ते काम करतो. इंग्रजीत तुलना करताना विशेषणाचे रूप बदलते, त्यामुळे तिथे साधे रूप हेच मूळ आणि तुलना ही त्यावरची भर असा भास होतो. संस्कृतातही ‘तर’ आणि ‘तम’ लागतात. बोलत्या मराठीने ते सोडून दिले. आपले ‘उंच’ तिन्ही ठिकाणी तेच राहते, बदलतो तो फक्त शेजार. म्हणूनच ‘टाचणीपेक्षा सुई महाग’ म्हणताना दोन्ही वस्तू स्वस्त असल्या तरी काही बिघडत नाही.

एडवर्ड सपीर यांचा या विषयावरचा निबंध त्यांच्या निधनानंतर १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठे-लहान अशा जोड्या रंगांच्या नावांसारख्या स्वयंपूर्ण गुणांच्या वाटतात, पण त्यांच्या पोटात तुलना दडलेली असते, हे त्यांनी त्यात दाखवले. तिथपर्यंत आपल्या लेखकाचे बरोबरच आहे. चूक होते ती ही दडलेली तुलना आणि ‘-पेक्षा’ची उघड तुलना एकच आहे असे समजण्यात.

हा फरक मोजून पाहायला मराठीने आपल्या हाती दोन शब्दप्रयोग दिले आहेत: ‘-पेक्षा’ आणि ‘-च्या मानाने’. एकाची उंची १६५ सेंटिमीटर आणि दुसऱ्याची १६४.८ असेल, तर ‘पहिला दुसऱ्यापेक्षा उंच आहे’ हे निर्विवाद खरे आहे. फरक दोन मिलिमीटरचा असला तरी आहे. पण ‘दुसऱ्याच्या मानाने पहिला उंच आहे’ म्हणून पाहा. कानाला खटकते. दुसरा १५२ चा असता तर तेच वाक्य सुरळीत बसले असते. ‘-पेक्षा’ दोन खुणांमधला क्रम विचारतो, ‘मानाने’ मात्र उंबरठा कुठे मांडायचा ते सांगतो. उंबरठा आला की डोळ्यांत भरण्याची अटही आली. ‘वयाच्या मानाने उंच’ हे आपण रोज बोलतो. त्यात त्या वयाची मुले हा तुलनागट ठरतो, पण त्या गटाच्या सरासरीला एका केसाने ओलांडणाऱ्या मुलाबद्दल ते कोणी बोलत नाही.

या दोन मिलिमीटरांवर एक खरा वादही आहे. एवान क्लाइन यांनी १९८० मध्ये मापपट्टी गृहीत न धरता चालणारा सिद्धान्त मांडला. ‘उंच’ हा शब्द कोणत्याही गटाची उंच, उंच नसलेले आणि मधले अशी विभागणी करतो, आणि ‘अ हा ब-पेक्षा उंच’ म्हणजे असा एखादा गट सापडतो की ज्यात अ उंच ठरतो आणि ब ठरत नाही. कल्पना देखणी आहे. विशेषणाचे रूप न बदलणाऱ्या मराठीला तर ती शिवून दिल्यासारखी वाटते. पण १६५ आणि १६४.८ या दोघांचाच गट केला, तरी त्यातला एक उंच आणि दुसरा नाही असे बोलणारा सहसा म्हणत नाही. सिद्धान्ताला मात्र तशी विभागणी मान्य करावी लागते. शिवाय मराठीतला ‘-ने’ मला मापपट्टीच्या बाजूला ओढतो. ‘दोन इंच बुटका’ हे माप म्हणून चालत नाही, पण ‘दोन इंचांनी बुटका’ खुशाल चालते. कारण ‘दोन इंच उंच’ हे माप पट्टीच्या शून्यापासून सुरू होते. बुटकेपणाची पट्टी म्हणजे तीच पट्टी उलट्या दिशेने वाचलेली, तिला वरच्या बाजूला सुरुवातच नाही, मग मोजायचे कुठून? ‘-ने’ लावला की मोजायचे असते ते दोन खुणांमधले अंतर, आणि ते कोणत्याही दिशेने तेवढेच भरते. नुसत्या विभागणीतून हे अंतर उभे करायचे म्हणजे बरीच यातायात आहे.

लेखातली दुसरी गफलत याहून मोठी आहे. सगळीच विशेषणे अशी संदर्भावर झुलतात असे त्यात सुचवले आहे. समोर दोन काठ्या ठेवा, दोन्ही आखूड पण एक जराशी लांब, आणि कोणाला ‘लांब काठी दे’ म्हणा. तो मुकाट्याने लांबीने जास्त असलेली उचलतो. आता दोन बरण्या ठेवा, एक पाव भरलेली आणि एक अर्धी, आणि ‘भरलेली बरणी दे’ म्हणा. तो म्हणेल, यातली एकही भरलेली नाही. क्रिस्टन सायरेट, ख्रिस्तोफर केनेडी आणि जेफ्री लिड्झ यांनी लहान मुलांवर अशाच धर्तीचे प्रयोग केले, ते २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. दोन लांब-आखूड वस्तूंपैकी ‘लांब’ वस्तू मुलेही बिनतक्रार देत. पण दोन्ही चकत्यांवर ठिपके असताना ‘ठिपकेवाली दे’ म्हटले की, एकीवर कितीही जास्त ठिपके असले तरी मुले मागणीच नाकारत. ‘भरलेली’च्या बाबतीत मुले मोठ्यांपेक्षा बरीच सैल निघाली, पाव-अर्ध्यातली अर्धी बरणी ती पुष्कळदा देऊन टाकत. तपशील गमतीचा आहे, कारण मोठी माणसेही सैल बोलतात, फक्त त्यांना त्याची मर्यादा ठाऊक असते.

केनेडी यांचे २००७ चे स्पष्टीकरण असे की, ज्या पट्टीला टोक आहे तिथे उंबरठा टोकाशीच जाऊन बसतो. ‘भरलेली’ म्हणजे काठोकाठ, ‘कोरडा’ म्हणजे पाण्याचा अंशही नाही, ‘ओला’ म्हणजे थोडे तरी पाणी. म्हणून ‘टॉवेल ओला नाही’ यातून ‘टॉवेल कोरडा आहे’ हे निघते, पण ‘ती उंच नाही’ यातून ‘ती बुटकी आहे’ हे निघत नाही. उंचीच्या पट्टीला वर टोक नाही, म्हणून तिथेच संदर्भाला हाक मारावी लागते. ओळखायची खूण सोपी आहे: ‘पूर्ण’ लावून पाहा. ‘पूर्ण भरलेली’, ‘पूर्ण कोरडा’ जमते, ‘पूर्ण उंच’ जमत नाही.

आणि इथेच ‘महाग’ फसवतो. किमतीला तर शून्याचे टोक आहे. मग ‘ओला’प्रमाणे ‘महाग’ म्हणजे थोडी तरी किंमत असलेले, आणि ‘कोरडा’प्रमाणे ‘स्वस्त’ म्हणजे शून्य किमतीचे, असे का होत नाही? कारण शब्दाची पट्टी व्यवहारातल्या पट्टीची नक्कल नसते. शून्याचे टोक भाषेने ‘फुकट’ या वेगळ्या शब्दाकडे सोपवले आहे. ‘पूर्णपणे फुकट’ म्हणता येते, ‘पूर्णपणे स्वस्त’ म्हणता येत नाही. टोक हाती नसल्यामुळे ‘महाग’ला ‘उंच’सारखाच संदर्भ शोधावा लागतो, आणि त्याचा संदर्भ उंचीपेक्षा जास्त गुंतागुंतीचा असतो. वस्तूंचा गट तर हवाच, शिवाय कोणाला महाग आणि कशासाठी महाग हेही हवे. दोन दुकानांत एकाच किमतीला मिळणारे एकच घड्याळ एका गिऱ्हाइकाला महाग आणि दुसऱ्याला बेताचे वाटते, आणि दोघेही चुकत नाहीत. उंचीबाबत वाद झाला तर आपण टेप आणतो. किंमत दोघांनाही तोंडपाठ असूनही ‘महाग’वरचा वाद मिटत नाही, कारण तो वाद किमतीचा नसून उंबरठ्याचा असतो.

लेखकाला आपले वाक्य ठेवायचेच असेल, तर त्यात एका शब्दाची दुरुस्ती सुचवतो. ‘सरासरीपेक्षा’ काढून ‘सरासरीच्या मानाने’ घालावे. व्याख्या म्हणून ते गोल फिरेल, कारण ‘मानाने’च्या पुढे पुन्हा ‘उंच’ येणारच, पण निदान १६४ सेंटिमीटरवाल्याला कोणी उंच म्हणणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक