इंडक्शनच्या पॅनेलवरचे आकडे मराठीत समजावून द्या

महोदय,

इंडक्शन शेगड्या आता तालुक्याच्या बाजारातही सहज मिळतात, पण त्यांच्या पॅनेलवर मराठीचा मागमूस नसतो. बटणांवरचे इंग्रजी शब्द माणसे आठवडाभरात पाठ करतात. अडते ते आकड्यांपाशी आणि संकेतांपाशी.

बहुतेक शेगड्यांवर दोन वेगळी मापे असतात. वॅटचा आकडा म्हणजे भांड्याला किती जोराने उष्णता द्यायची ते. १२०० वॅटवर साधारण २५ अंशांचे एक लिटर पाणी उकळायला पाचेक मिनिटे लागतात, २००० वर तीन-साडेतीन. दुसरे माप अंश सेल्सिअसचे. तिथे १८० लावले की तेल १८० अंशांवरच थांबेल, असा समज होतो, पण तापमापक तेलात नसतो. तो काचेच्या खाली, मधोमध टेकवलेला असतो. कढईचा तळ वाकलेला असेल तर काच आणि तळ यांच्यात हवेची फट राहते. मग मापकाला कमी तापमान दिसते आणि तेल लावलेल्या आकड्याच्या बरेच वर जाते. तेल थोडे असेल तर ते धुरावायला वेळ लागत नाही. म्हणून तळण करताना अंशांवर विसंबून शेगडीपासून दूर जाऊ नये आणि सपाट तळाचेच भांडे घ्यावे.

कमी वॅटचेही असेच. दूध मंद आचेवर ठेवायला ३०० किंवा ४०० वॅट लावले, तरी स्वस्त शेगडी सलग ४०० वॅट देत नाही. ती काही सेकंद हजाराच्या आसपास चालते आणि काही सेकंद बंद राहते. सरासरी ४०० भरते, पण पातळ बुडाच्या पातेल्यात चालू असलेल्या त्या सेकंदांतच दूध तळाशी लागते. हा बिघाड नव्हे. वेटोळ्याला वीज देणारा भाग फार कमी शक्तीवर सलग चालवला की स्वतःच तापतो, म्हणून उत्पादक ही युक्ती करतात. जाड बुडाचे पातेले घेतले की त्रास पुष्कळ कमी होतो.

आता संकेतांकडे. शेगडी बंद केल्यावर पडद्यावर H दिसतो. कुणाला तो बिघाड वाटतो, कुणाला मोठी आच. काही शेगड्यांवर त्याचा अर्थ ‘काच अजून गरम आहे, हात लावू नका’ एवढाच असतो. त्या वेळी आतला पंखाही चालू असतो. आपल्याकडे भिंतीवरचे बटण लगेच बंद करायची सवय आहे. तसे केले की पंखा थांबतो आणि आतले भाग तापलेलेच राहतात. पंखा आपोआप थांबेपर्यंत भिंतीवरचे बटण चालू ठेवावे.

E आणि त्यापुढे आकडा आला तर खरी पंचाईत. E3 म्हणजे एका कंपनीत विजेचा दाब जास्त, तर दुसऱ्या कंपनीत त्याचा अर्थ वेगळाच. शेजाऱ्याच्या पुस्तिकेवरून अर्थ लावू नये. पुस्तिका हरवली असेल तर संकेत केव्हा येतो ते पाहावे. भांडे ठेवताच जात असेल, तर आधीचे भांडे चालणारे नव्हते किंवा तळ फार लहान होता. तळाला लोहचुंबक चिकटला नाही तर ते भांडे इंडक्शनचे नाही. संध्याकाळी येऊन रात्री उशिरा जात असेल, तर विजेचा दाब कमी पडतो आहे. बारीक वायरच्या लांब एक्स्टेन्शनवरही असेच होते, कारण २००० वॅटला जवळजवळ नऊ अँपिअर लागतात. वीसेक मिनिटे तळण झाल्यावर येत असेल, तर पंख्याच्या जाळीत तेलकट धूळ किंवा झुरळे अडकली आहेत का ते पाहावे. थंड शेगडीवर, योग्य भांडे असतानाही लावताक्षणी दर वेळी येत असेल, तर बहुधा तापमापक किंवा त्याची तार गेली आहे. ते काम दुरुस्तीवाल्याचेच. घरी काच उघडू नये, आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही भार राहू शकतो.

वेष्टित वस्तूंवरचा मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत असावा, असा वजनमापांचा २०११ चा नियम आहे. सोबत आणखी एखादी भाषा छापायला तो आडकाठी करत नाही. पॅनेलचा साचा राज्याराज्यांसाठी बदलणे महाग पडेल, हे मान्य. पण शेगडीच्या तळाशी मॉडेल क्रमांकाची पट्टी आधीपासूनच असते. तिच्याशेजारी त्याच मॉडेलचे पाच-सहा संकेत आणि त्यांचे अर्थ मराठीत छापलेला टिकाऊ कागद चिकटवायला किती खर्च येणार? राज्यातल्या विक्रेत्यांच्या संघटनांनी ही मागणी कंपन्यांकडे लावून धरावी. तोवर ग्राहकांनी निदान खरेदीच्या वेळी दुकानदाराकडून संकेतांचे अर्थ पुस्तिकेतल्या त्या पानावर मराठीत लिहून घ्यावेत.

— घरगुती विद्युत उपकरणांची दुरुस्ती करणारा एक वाचक, सांगली