रेघ शिल्लक राहिली पाहिजे

ती. आई आणि बाबा यांस,

साष्टांग नमस्कार.

मागच्या पत्रात जे लिहायचे टाळले, ते आज आधी लिहितो. संस्थेने आणखी तीन वर्षे निदेशक म्हणून राहाल का, असे विचारले होते, आणि मी होकार देऊन सहीही केली आहे. बाबा, या वर्षी कारखाना हातात घेईन असा शब्द मी तुम्हाला दिला होता. तो मी विसरलेलो नाही आणि तुमच्यानंतर आपल्या बाकड्याशी कोण उभे राहणार, हा प्रश्न मलाही रात्री जागवतो. तरीही हा निर्णय का घेतला, ते परवाच्या दीक्षान्त समारंभात मी केलेल्या छोट्या भाषणावरून तुम्हाला कळेल असे वाटते, म्हणून ते जसे आठवते तसे लिहितो.

भाषणाला उभा राहताना मी हातात एक लाकडाचा सांधा घेतला होता, मध्यभागी उभा कापून दोन भाग केलेला. मुलांना म्हणालो, की तुमच्यापैकी एकाने पहिल्या महिन्यात केलेला हा कुसू आणि भोकाचा सांधा आहे. नाव सांगणार नाही, पण ज्याचा आहे त्याने तो ओळखला असेल. बाहेरून पाहिले तर खांदा उभ्या लाकडाला बरोबर टेकलेला आहे, कुठेही फट नाही. आतून पाहिले तर कुसवाच्या दोन्ही गालांशी पांढुरका थर दिसतो. तो थर म्हणजे डिंक आणि लाकडाचा भुसा.

हे कसे झाले, तेही मी तिथेच उलगडून सांगितले. लाकूड 24 मिलिमीटर जाडीचे होते, म्हणून कुसू त्याच्या तिसऱ्या हिश्शाचा, 8 मिलिमीटरचा ठरला आणि भोकासाठी पटाशीही 8 चीच घेतली. आखणी अचूक होती. त्याने मार्किंग गेज दोन्ही तुकड्यांवर दर्शनी बाजूकडूनच चालवले होते, म्हणजे तिथपर्यंत मुलाचे काहीच चुकलेले नव्हते. चूक करवतीची झाली. करवतीचा काप साधारण 1 मिलिमीटर रुंद पडतो, आणि तो काप रेघेच्या टाकाऊ बाजूला पडायला हवा, इतका की कापून झाल्यावर अर्धी रेघ लाकडावर दिसत राहावी. त्याने दोन्ही वेळा करवत रेघेच्या आत धरली. इकडून 1 गेला, तिकडून 1 गेला, आणि 8 चा कुसू 6 चा झाला. भोकात घातल्यावर तो स्वतःच्या वजनाने खाली उतरला. खरे तर तिथेच त्याला कळायला हवे होते, कारण चांगला कुसू हाताच्या दाबाने निम्मा जातो आणि उरलेला मॅलेटच्या हलक्या ठोक्यांनी बसतो. जोरात ठोकावे लागले तर भोकाचे लाकूड फाटण्याची भीती असते, आणि आपोआप गेला तर सांधा धरतच नाही.

पुढचे सांगताना, आई, माझा आवाज थोडा बसला. मी मुलांना म्हणालो, की माझ्या पहिल्या वर्षात असाच एक सांधा मी बाहेरून पाहिला, खांद्याला फट दिसत नाही म्हणून पूर्ण गुण दिले, आणि आठवड्याने तीच चौकट नुसती उचलल्यावर हलू लागली. डिंक दोन लाकडे एकमेकांना घट्ट भिडलेली असली तरच नीट धरतो. मोकळी जागा भरून काढायचे काम त्याच्याकडून होत नाही, आणि त्यात भुसा कालवला तर जागा भरल्यासारखी दिसते एवढेच. ज्याला मी गुण दिले, तो मुलगा फट बुजवायची असते असेच शिकून गेला, आणि ते त्याला मीच शिकवले. तेव्हापासून मी प्रत्येक मुलाचा पहिला सांधा वाळल्यावर त्याच्यादेखत उभा कापतो. पहिल्या दिवशी कुणालाही ते आवडत नाही.

बाबा, भाषणाच्या शेवटी मी तुमचे वाक्य सांगितले: रेघ शिल्लक राहिली पाहिजे. खिडकीच्या त्या झडपेचे तुम्ही काय केले होते, ते मात्र सांगितले नाही. ते आपल्या घरातच राहू दे. ज्याचा तो सांधा होता, त्याने नंतर काय केले हेही मी सांगितले. त्याने तसाच 6 मिलिमीटरचा दुसरा कुसू मुद्दाम कापला, दोन्ही गालांवर त्याच लाकडाच्या, रेषा त्याच दिशेने धावणाऱ्या दीड-दीड मिलिमीटरच्या पट्ट्या डिंकाने चिकटवल्या, पूर्ण वाळू दिल्या आणि मग रंध्याचा एकेक हात मारत, दर वेळी भोकात घालून पाहत, जाडी परत 8 वर आणली. दुपारभर तो तेवढेच करत होता. तो सांधाही मी कापला, आणि आत कुठेही पांढरा थर नव्हता.

असे सांधे कापून दाखवायला इथे माझ्याशिवाय सध्या कुणी नाही. दुसरे निदेशक नवीन आहेत, हुशार आहेत, पण अजून बाहेरून पाहून गुण देतात, जसे मी देत होतो. त्यांना तयार करायला मला वेळ हवा. तीन वर्षे हा आकडा मी मोजून घेतला आहे, उगाच लांबवलेला नाही, आणि प्रत्येक मोठ्या सुटीत मी घरी येऊन कारखान्यातच उभा राहणार आहे.

माझी काळजी करू नका. खोलीत उजेड भरपूर आहे, जेवण वेळेवर आणि गरम असते, चष्म्याचा नंबर बदलून घेतला आहे. आई, तू विणलेली ती जुनी टोपी अजूनही उशीखाली असते. थंडी असो वा नसो, ती तिथे नसली तर मला झोप लागत नाही.

आता तुम्हाला सांगायचे ते. बाबा, कटर मशीनवर एकट्याने उभे राहायचे नाही, कुणीतरी शेजारी असलेच पाहिजे. बोटे बधिर होतात असे आईने कळवले आहे; त्या दिवशी धारेचे काम अजिबात करायचे नाही आणि ते डॉक्टरांच्या कानावर घालायचे, लपवायचे नाही. लाकूड घासताना तोंडावर मास्क हवा, रुमाल चालणार नाही, कारण बारीक धूळ रुमालातून आत जाते. पंखा अंगावर घेऊ नका, धूळ दाराकडे जाईल असा ठेवा. आई, हे सगळे होते की नाही ते तू पाहायचे आणि मला खरे कळवायचे. मी हे अधिकाराने लिहीत नाही, मला इथून दुसरे काही करता येत नाही म्हणून लिहितो.

बाबा, सोबत त्या पहिल्या सांध्याचा एक अर्धा भाग पाठवत आहे. त्या मुलाने आनंदाने दिला. उजेडात भिंगाने पाहा. डाव्या गालाशी थर जाड आहे आणि उजव्या गालाशी पातळ, म्हणजे डिंक लावताना कुसू एका बाजूला सरकला असावा असे मला वाटते. तुम्हाला काय वाटते, ते कळवा.

तुमचा,
धाकटा