पाकिटातली प्रत्येक पुडी सिलिका जेलची नसते

'पाकिटातील पुडी गिळली तरी घाबरू नका' हा रविवारच्या अंकातील सल्ला अपुरा वाटला. तो साध्या सिलिका जेललाच लागू पडतो. त्याचे पारदर्शक, कडक मणी ओलावा शोषतात आणि पोटातून बहुधा तसेच बाहेर पडतात. लहान मुलांच्या घशात अडकण्याचा धोका मात्र असतो.

केक, खजूर किंवा सुक्या मांसाच्या पाकिटात बहुतेकदा ऑक्सिजन शोषणारी पुडी असते. तिच्यात लोखंडाची भुकटी आणि मीठ असते. ही पुडी चपटी, अपारदर्शक असते, दाबल्यावर आत भुकटी जाणवते आणि फ्रिजवरचे चुंबक तिला सहसा चिकटते. हवा लागल्यावर ती कोमट होते, वापरून झाल्यावर कडक होते. लोह जास्त प्रमाणात पोटात गेले तर लहान मुलांना विषबाधा होऊ शकते. परदेशी समुद्री शेवाळाच्या किंवा तांदळाच्या कुरकुरीत खाऊच्या पाकिटातील पुडीत कधी कळीचा चुना असतो. तो लाळेने तापतो आणि तोंड, अन्ननलिका भाजतो.

खाऊसोबत येणाऱ्या मसाल्याच्या पुडीवर घटकांची नावे आणि बहुधा फाडायची खाच असते; शोषक पुडीवर सहसा फक्त इंग्रजीत 'खाऊ नका' एवढेच. ते मराठीत आणि चित्रासह हवे. पुडी फुटून खाऊत मिसळली तर तो खाऊ टाकून द्यावा. कुणी ती खाल्ली असेल तर तोंड धुवावे, उलटी करवू नये आणि पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे.

– एक वाचक, पुणे