मेल पाठवण्याआधी खोडलेली वाक्ये

महोदय,

चौथीतल्या मुलाच्या वहीवर आठवड्यात तिसऱ्यांदा ‘अपूर्ण’ असा शेरा आला, तेव्हा मी रात्री वर्गशिक्षिकांना मेल लिहायला बसलो. पहिलेच वाक्य होते, ‘वर्गात माझ्या मुलाकडे लक्ष दिले जात नाही.’ खाली डिस्लेक्सियाची शंका, आणि मेलची प्रत मुख्याध्यापकांना. पत्नीने वाचून एकच विचारले, ‘यातलं तू स्वतः काय पाहिलंस?’

पाहिले काहीच नव्हते. मग आठवडाभर पाहिले. पाच ओळी मी तोंडी सांगितल्या की तो तीन मिनिटांत लिहायचा. तेवढाच मजकूर शेजारी ठेवलेल्या पुस्तकातून उतरवायला सहा-सात मिनिटे लागत. तोच मजकूर समोरच्या भिंतीवर कागद लावून दिला, तर मधली एखादी ओळ गळायची. डोळे तपासून घेतले, नंबर नव्हता.

दुसरा मेल शनिवारी सकाळी लिहिला. विषयात मुलाचे नाव, तुकडी आणि ‘फळ्यावरून उतरवून घेण्यातली अडचण’, एवढेच. मजकूर असा होता:

‘आदरणीय मॅडम, नमस्कार. गेल्या पंधरा दिवसांत विज्ञान आणि परिसर अभ्यासाच्या वहीत चार धडे अर्धवट राहिले आहेत. गणिताची वही पूर्ण आहे. घरी जे दिसले ते खाली लिहिले आहे. वर्गात तो नेमका कुठे अडखळतो, हे तुम्हालाच दिसत असेल. सवडीने दहा मिनिटे फोनवर बोलता येईल का? घरी काय करून घ्यावे, तेही सांगा.’

‘आळशी’ आणि ‘हट्टी’ हे शब्दही मी खोडले. दोष बाईंना द्यायचा नाही, म्हणून तो पोराच्या माथी मारायचा, हा काही मार्ग नव्हे. डिस्लेक्सियाचे नावही खोडले. ते ठरवणे माझे काम नाही, आणि तसे नाव एकदा लिहिले की समोरचा माणूस मुलाऐवजी त्या नावाकडेच पाहू लागतो. मुख्याध्यापकांना प्रत पाठवण्याचे तर आधीच रद्द केले होते. पहिल्याच मेलला वरिष्ठांना मध्ये घेतले की उत्तर कागदोपत्री येते, असा माझा नोकरीतला अनुभव!

सोमवारी बाईंचा फोन आला. त्यांनी तास चालू असताना मुद्दाम पाहिले होते. तो अख्खा शब्द डोक्यात धरत नाही, दर अक्षराला मान वर करतो, आणि परत पाहताना ओळ चुकते. ओळखीचे शब्द सरळ लिहितो, ‘प्रकाशसंश्लेषण’सारखा आला की अडतो. तोवर फळा पुसला जातो. चाळीस मुलांत हे आपल्याही ध्यानात आले नव्हते, असे त्या मोकळेपणाने म्हणाल्या.

आता लांबलचक मजकूर असला की त्या त्याच्या बाकावर छापील कागद ठेवतात. घरी आम्ही रोज पाच नवे शब्द तोडून म्हणतो, मग न पाहता लिहितो. दोन महिन्यांत विज्ञानाची वही भरली. परिसर अभ्यासात अजून दोन धडे राहिले आहेत, त्याबद्दलचा मेल या शनिवारी.

– एक पालक