हत्तीचा हिशेब

नाशिक, रविवार

प्रिय वैशू,

तुझा फोन ठेवला आणि मनात तेच घोळत राहिलं. भाचीच्या मैत्रिणीचा दीड किलोचा केक तू तेराशे पन्नासला दिलास आणि म्हणालीस, "सामान साडेचारशेचं, म्हणजे नऊशे सुटले." अगं, ते नऊशे सुटलेले नाहीत. मीही पहिली दोन वर्षं असंच मोजत होते, म्हणून आज सविस्तर लिहायला बसले.

तुझाच केक घेऊ. चॉकलेट स्पंज, व्हिप्ड क्रीम, वर साखरेच्या फॉन्डंटचा बसलेला हत्ती, ढग-चांदण्या आणि बाळाचं नाव. प्रीमिक्स, क्रीम, कंपाउंड, फॉन्डंट मिळून साडेचारशे धरू. पण रंगाचे थेंब, बटर पेपर, पायपिंग बॅगेत चिकटून राहिलेलं क्रीम कोणी मोजत नाही. क्रीमचा लिटरचा पॅक फोडला, अर्धाच वापरला आणि आठवड्यात दुसरी ऑर्डर आली नाही, तर उरलेलं वाया जातं. त्यासाठी मी सामानावर सरसकट दहा टक्के चढवते. झाले ४९५. बोर्ड, हत्तीचं डोकं झाकणाला लागू नये म्हणून उंच खोका, सुरी-मेणबत्ती, रिबन, स्टिकर यांचे ११०. ओटीजी आणि बीटरच्या विजेचे २५. इथवर ६३०.

आता वेळ. ओव्हनमध्ये केक असताना तू दुसरं काम करतेस, तो वेळ सोड. हात लागतात तेवढाच धर. मी एकदा ओट्यावर घड्याळ ठेवून असाच एक केक केला. मिश्रण आणि टिन तयार करायला ३५ मिनिटं, थर कापून भरून गुळगुळीत आयसिंग करायला ६०, हत्तीला ८०, ढग, चांदण्या आणि अक्षरांना ४५, तुपट भांडी घासायला ३०, गिऱ्हाइकाशी मेसेज आणि पॅकिंग ३५. एकूण पावणेपाच तास! ताशी १२० रुपये धरले तर ५७० होतात. हा दर कसा ठरवायचा? आपल्या गावात हेच काम शिकलेल्या मुलीला मदतीला ठेवलं तर तिला काय द्यावं लागेल, तोच आकडा. तुझ्याकडे सांगलीत तो थोडा वेगळा असेल.

म्हणजे केक बाराशेला पडला. तुझ्या मजुरीपलीकडे धंद्याकडे उरले दीडशे. त्यातूनच उद्या बीटर जळला तर नवा घ्यायचाय आणि एखादा केक रिक्षात घसरला तर पैसे परत द्यायचेत. विक्रीतले पंचवीस टक्के तरी मागे राहायला हवेत. इथे मी बरीच वर्षं चुकले. बाराशेवर पंचवीस टक्के चढवून पंधराशे सांगायचे, पण पंधराशेतले तीनशे म्हणजे वीसच टक्के. बाराशेला ०.७५ ने भागायचं. किंमत येते सोळाशे.

खरी गोम किलोच्या दरात आहे. हत्तीला वजन कळत नाही. तोच हत्ती, तेच नाव कोणी अर्ध्या किलोवर मागितलं, तर तुझ्या किलोला नऊशेच्या दराने साडेचारशे येतात. सामान कमी होतं, पण हत्तीचं फॉन्डंट तेवढंच लागतं. खोका-बोर्ड थोडे स्वस्त पडतात आणि वेळ पाऊण तासाने कमी होतो, बस्स. माझ्या हिशेबाने तो साधारण सव्वाआठशेला पडतो. म्हणजे किंमत खर्चाच्या जवळजवळ निम्मीच! म्हणून मी किलोचा दर फक्त साध्या आयसिंगच्या केकला सांगते आणि सजावटीचे पैसे वेगळे लावते. वहीत प्रत्येक डिझाइनपुढे मिनिटं लिहिलेली आहेत. नवीन फोटो आला की जवळचं जुनं काम शोधायचं, आणि कधीच न केलेली बाहुली असेल तर अंदाजाच्या दीडपट धरायची, कारण पहिला चेहरा हमखास मोडतो.

गिऱ्हाईक "ताई, थोडं कमी करा ना" म्हणालं की दर तोडू नकोस, काम कमी कर. "हत्तीऐवजी फोटो प्रिंटची शीट लावते, तेवढे पैसे कमी होतील," असं सांग. बहुतेक जण आनंदाने तयार होतात.

पावसाळ्यात मात्र मिनिटं वाढतात. हत्ती दोन दिवस आधी, फॉन्डंट घट्ट वाळावं म्हणून सीएमसी पावडर घालून, करून ठेव आणि फ्रिजमध्ये ठेवू नकोस. बाहेर काढला की त्याला घाम फुटतो आणि रंग ओघळतो. मागच्या जुलैत रात्री अकराला मी सोंड पुन्हा वळत बसले होते. तो तास मी कुणाला लावू शकले नाही.

शनिवारच्या ऑर्डरला घड्याळ ओट्यावर ठेवशील ना? मिनिटं लिही आणि मला पाठव. रविवारी दुपारी फोनवर बसून तुझा किलोचा दर पुन्हा मांडू.

तुझी,
मंजू