अर्धी भाकरी आणि पाळीची गोळी

शहापूर, बेळगाव
रविवार, रात्र

प्रिय सुनी,

परवा फोनवर तू अर्धंच बोललीस आणि अर्धं गिळलंस. मागं सासूबाईंचा आवाज येत होता, त्यावरून मी काय ते ओळखलं. फोनवर हा विषय तुला जमायचा नाही. म्हणून सरळ लिहायला बसले. सावकाश वाच, आणि वाचून झाल्यावर कपाटात ठेव, फ्रिजवर नको.

तू सांगितलेलं मी कागदावर उतरवून काढलं. सकाळी भाकऱ्या करताना तव्यावरची भाकरी तुला अर्धीच दिसायला लागली. उरलेल्या जागी अंधार नव्हता, तिथं नुसतं काहीच नव्हतं. मग त्या जागेच्या कडेला रांगोळीच्या नागमोडी रेघेसारखी एक चमचमती रेघ उठली आणि हळूहळू बाहेर पसरत गेली. ती विरते न विरते तोवर उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या. त्या मनगटावरून कोपरापर्यंत चढल्या, आणि शेवटी ओठाची एक बाजू बधिर झाली. दुसरी भाकरी करपेपर्यंत सगळं निवळलं, आणि मग डावं डोकं ठणकायला लागलं, उलटी झाली, तू अंधाऱ्या खोलीत पडून राहिलीस. महिन्याभरात हे दुसऱ्यांदा. आणि तुझा प्रश्न काय, तर पित्त वाढलंय का चष्म्याचा नंबर बदललाय!

सुनी, हे पित्त नव्हे. आपल्याकडं डोकं दुखून उलटी झाली की ते पित्तच, हे आईच्या दुधाबरोबर शिकलोय आपण. खरं उलटी ही अर्धशिशीचाच भाग असते, पोटातून आलेली नसते. डोकं दुखायच्या आधी तुला जे दिसलं आणि जाणवलं त्याला ऑरा म्हणतात. मेंदूच्या मागच्या भागात, जिथं नजरेचं काम चालतं, तिथं एक लाट उठते. ती लाट मिनिटाला साधारण तीन मिलिमीटर इतक्या संथ वेगानं सरकते. तिच्या पुढच्या कडेला पेशी खवळतात म्हणून चमचम दिसते, आणि लाट गेल्यावर त्या गप्प होतात म्हणून भाकरी अर्धी दिसते. लाट पुढं स्पर्शाच्या भागात शिरली की मुंग्या बोटांकडून ओठाकडं चालत जातात. पुढच्या वेळी आधी एक डोळा झाक, मग दुसरा. दोन्ही वेळा रेघ तिथंच दिसली तर ते डोळ्यातून नाही, मेंदूतून येतंय. चष्म्याला पैसे घालू नकोस.

आता ज्यासाठी मला झोप आली नाही ते. फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "नव्या डॉक्टरांनी पाळी वेळेवर यायला आणि तोंडावरच्या पुटकुळ्यांना गोळी दिलीय, चार महिने झाले." मी मुद्दाम स्ट्रिपचा फोटो मागवला. तिच्या मागं बारीक अक्षरात सायप्रोटेरोन २ मिलिग्रॅम आणि एथिनिल इस्ट्रॅडिओल ०.०३५ मिलिग्रॅम लिहिलंय. तू तिला पाळीची गोळी म्हणतेस, खरं घडणीनं ती गर्भनिरोधक गोळीच. एथिनिल इस्ट्रॅडिओल म्हणजे इस्ट्रोजेन. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या माला-एनमध्येही हेच असतं, ०.०३ मिलिग्रॅम. गोळी कुठल्या नावानं आणि कशासाठी दिली यानं रक्ताला फरक पडत नाही. आणि तुझी ही रेघ गोळी सुरू झाल्यावरच पहिल्यांदा आली, हे तर आणखी महत्त्वाचं. इस्ट्रोजेन वाढलं की ऑरा डोकं वर काढतो, असं ओपीडीत पुष्कळदा दिसतं.

तोंडातून घेतलेलं इस्ट्रोजेन यकृतातून जातं, आणि यकृत रक्त गोठवणारी द्रव्यं जास्त बनवायला लागतं. गुठळी होऊ न देणारी काही द्रव्यं त्याच वेळी कमी होतात. एरवी तरुण बाईला याचा धोका फार नसतो. खरं ऑराच्या लाटेबरोबर मेंदूतल्या रक्तप्रवाहातही चढउतार होतो, आणि ऑरा असलेल्या बायकांना गुठळीनं येणारा स्ट्रोक, म्हणजे पक्षाघात, गोळी न घेताही इतरांपेक्षा साधारण दुपटीनं जास्त होतो. त्यावर इस्ट्रोजेन आलं की दोन्ही गोष्टी एकमेकीला हात देतात.

आकडे सांगते, तू गणिताची बाई आहेस. युरोपातल्या तज्ज्ञांनी अभ्यास एकत्र करून अंदाज काढलाय. अर्धशिशी नाही, गोळी नाही अशा एक लाख तरुण बायकांत वर्षाला दोन-तीन जणींना असा स्ट्रोक येतो. ऑरा आहे आणि गोळी नाही, तर सहाच्या आसपास. ऑराही आणि इस्ट्रोजेनची गोळीही, तर सदतीस. म्हणजे लाखात नव्याण्णव हजार नऊशे त्रेसष्ट जणींना काही होत नाही. चार महिने गेले म्हणून रडत बसू नकोस. खरं सदतीसमधल्या बहुतेकींचा स्ट्रोक गोळी घेतली नसती तर टळला असता, आणि पस्तिशीत गेलेला उजवा हात परत येईलच असं कुणी सांगू शकत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ऑरा असलेल्या बाईला, वय काहीही असो, अशी मिश्र गोळी चौथ्या वर्गात आहे. चौथा वर्ग म्हणजे देऊच नये. कमी डोसची घेते म्हणून सूट नाही. गर्भनिरोधक पट्टी आणि रिंगही त्यातच, कारण इस्ट्रोजेन तेच.

डॉक्टरांवर राग धरू नकोस. तू म्हणालीस त्यांनी कन्नडमध्ये "तलेनोवु इदेया?" असं विचारलं आणि तू "पित्तामुळं कधीमधी" म्हणालीस. त्यांनी पित्ताची गोळी लिहिली, बीपी बघितलं, पुढची बाई आत. तेव्हा रेघही आलेली नव्हती. आमच्या ओपीडीतही हेच चालतं. मी चौदा वर्षं कुटुंबनियोजनाच्या टेबलावर बसते, आणि पहिली कित्येक वर्षं मी फक्त "डोकं दुखतं का?" एवढंच विचारायची. कुणाचं डोकं दुखत नाही गं! आता मी विचारते, "डोकं दुखायच्या आधी डोळ्यापुढं काही दिसतं का? किती वेळ राहतं? हाताला मुंग्या येतात का?" खानापूर, हुक्केरीकडच्या बायका मग आपणहून सांगतात, कुणी "काचा पडल्यासारखं", कुणी "पाण्यावर ऊन हलल्यासारखं". ऑरा हा शब्द एकीलाही माहीत नसतो, आणि गरजही नाही.

आता काय करायचं. आज रात्रीपासून गोळी बंद कर. हळूहळू कमी करायची नसते. तू पाकिटातल्या बारा गोळ्या न चुकवता घेतल्यास, त्यामुळं मागच्या दिवसांची काळजी नको, खरं इथून पुढं निरोध लागेलच. दोन-चार दिवसांत रक्तस्राव सुरू होईल, घाबरू नकोस. इस्ट्रोजेन एकदम उतरल्यानं साधं डोकं दुखूही शकतं, ऑराशिवाय. तो उतरण्याचा त्रास आहे.

पर्यायांबद्दल तुझं उदाहरण धरूनच बोलते. तुला दोन मुलं, पीसीओएस, आणि पाळी आली की भरपूर. कॉपर-टीला यादीत काहीच अडकाठी नाही, कारण त्यात हार्मोनच नाही. ३८०-ए दहा वर्षं चालते आणि सरकारी दवाखान्यात फुकट बसवतात. खरं पहिले काही महिने रक्तस्राव वाढतो, आणि तुझा आधीच जास्त. म्हणून माझं मन लेव्होनॉरजेस्ट्रेल सोडणाऱ्या तांबीकडं झुकतं. तिचा हार्मोन बहुतेक गर्भाशयापुरता राहतो, पाळी कमी होते, आणि पीसीओएसमध्ये महिनोन्‌महिने पाळी न आल्यानं आतलं अस्तर जाड होतं त्यालाही आळा बसतो. महाग पडते हे खरं.

अंतरा इंजेक्शनही आहे, दर तीन महिन्यांनी. त्यात इस्ट्रोजेन नाही, खरं पाळीचा काही भरवसा राहत नाही. फक्त प्रोजेस्टेरॉनसारख्या औषधाची रोजची गोळीही मिळते. तांबी, इंजेक्शन, गोळी, ही सगळी प्रोजेस्टेरॉनवाली साधनं यादीत दुसऱ्या वर्गात आहेत. म्हणजे सुरू करता येतात, खरं घेताना ऑरा वाढला तर परत विचार करायचा. छाया गोळीत इस्ट्रोजेन नाही, खरं ती इस्ट्रोजेनच्याच जागी जाऊन बसते आणि पीसीओएसमध्ये टाळतात, म्हणून ती तुझ्यासाठी नको. आणि दोन मुलं झालीत, भाऊजींची बिनटाक्याची नसबंदी दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, एवढं एकदा घरात बोलून बघ. हसू नकोस.

एक फरक नीट लक्षात ठेव. ऑरा पाच मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ घेत पसरतो, एका तासाच्या आत जातो, आणि त्यात चमचम असते, मुंग्या असतात, म्हणजे काहीतरी जास्तीचं. स्ट्रोक एका क्षणात येतो आणि काहीतरी काढून घेतो. तोंड वाकडं, हातातून कप गळून पडणं, बोलणं बोबडं, एका डोळ्यावर पडदा. तसं झालं, किंवा ऑरा तासाच्या पुढं गेला, तर झोपून वाट बघायची नाही, १०८ लावायचा. गुठळी विरघळवायचं औषध साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. खानापूरहून बेळगाव सव्वीस किलोमीटर आहे, त्यामुळं वेळ आहे, फक्त "पित्त उतरू दे" म्हणण्यात घालवायचा नाही.

गुरुवारी ये. सकाळच्या गाडीनं निघालीस की दहापर्यंत पोचशील, मी बाहेरच्या बाकावर असेन. बीपी बघून घेऊ, आमच्या मॅडमना दाखवू. त्या मराठी बोलतात. स्ट्रिप फेकू नकोस, तशीच घेऊन ये. आणि कॅलेंडरवर दोन्ही दिवसांना खूण करून रेघ किती वाजता सुरू झाली, किती वाजता संपली ते आठवेल तसं लिहून आण. बाकी काय बोलायचं ते मी बोलते.

तुझी,
शैला

ता. क. गौरी-गणपती तोंडावर आलेत, आणि तुझी जाऊ दरवर्षी पाळी पुढं ढकलायला गोळ्या आणते, त्यातल्या दोन तुलाही देते हे मला ठाऊक आहे. त्यात नॉरएथिस्टेरॉन असतं, ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा. नाव प्रोजेस्टेरॉनचं, खरं इतक्या डोसमध्ये शरीर त्यातल्या थोड्याचं एथिनिल इस्ट्रॅडिओलच बनवतं. यंदा घेऊ नकोस. नैवेद्य जाऊ करेल, तू मोदक वळायला बाहेरच्या खोलीत बस.